न्यू जर्सीचा क्लायंट, मेढ्याची टीम: रात्र न जागता काम कसं बसवायचं?



व्हिडिओत मी फळ्यावर दोन घड्याळं काढली होती, एक मेढ्याचं आणि एक न्यू जर्सीचं. तिथे मुख्य मुद्दा तेवढा सांगता आला. इथे तेच उदाहरण हिशेबासकट घेऊया. ही टीम मी समजण्यापुरती मांडलेली आहे, पण घड्याळाचे आकडे, तारखा आणि नियम खरे आहेत.

मेढ्यात बाजारपेठेत, दुकानावरच्या एका खोलीत चार जण बसतात. काम अकाउंटिंगचं. परदेशातल्या छोट्या दुकानदारांची बिलं, बँक स्टेटमेंट आणि खर्चाच्या नोंदी ऑनलाइन सॉफ्टवेअरमध्ये करायच्या. एक जण टीम चालवतो, तिघं नोंदी करतात. त्यातल्या दोन मुली रोज केळघर आणि करहरहून येतात. एक क्लायंट न्यू जर्सीचा, घरसामानाचं दुकान असलेला. दुसरा लंडनचा. ऑफिस सकाळी दहा ते संध्याकाळी सात.

अशी टीम सुरू झाली की पहिल्या महिन्यात एकच सूर असतो: "सर, क्लायंटचा दिवस आपल्या रात्री सुरू होतो, म्हणजे नाइट शिफ्ट लागणारच." माझं मत स्पष्ट आहे. चार माणसांच्या टीमला नाइट शिफ्ट परवडत नाही. पगार वाढतो, माणसं टिकत नाहीत, आणि घाटाकडच्या गावातल्या मुलींच्या घरचे दुसऱ्याच महिन्यात "बास झालं" म्हणतात. नाइट शिफ्टशिवाय काम होतं, पण त्यासाठी तीन गोष्टी बसवाव्या लागतात: दोन्ही घड्याळं जुळतात ती वेळ, प्रश्न विचारायची पद्धत, आणि दिवसाच्या शेवटी जाणारी नोंद.

आधी घड्याळ नीट समजून घ्या

भारताची प्रमाणवेळ ग्रीनिचच्या साडेपाच तास पुढे आहे आणि ती वर्षभर बदलत नाही. न्यू जर्सी हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असते, उन्हाळ्यात साडेनऊ तास. लंडन हिवाळ्यात साडेपाच तास मागे, उन्हाळ्यात साडेचार. तिथे वसंतात घड्याळ एक तास पुढे करतात आणि शरदात परत मागे घेतात, म्हणून हा फरक पडतो.

आता क्लायंटचे सकाळचे नऊ मेढ्यात किती वाजता होतात ते बघा:

| क्लायंट | हिवाळ्यात | उन्हाळ्यात |
|---|---|---|
| लंडन | दुपारी 2:30 | दुपारी 1:30 |
| न्यू जर्सी | संध्या. 7:30 | संध्या. 6:30 |

लंडनचं काम सोपं आहे. हिवाळ्यातसुद्धा अडीच ते सात, म्हणजे साडेचार तास दोघंही जागे आणि कामावर. न्यू जर्सीशी मात्र हिवाळ्यात दहा ते सातच्या ऑफिसचा एक मिनिटही जुळत नाही. तुम्ही खोलीला कुलूप लावता, त्यानंतर अर्ध्या तासाने तो दुकान उघडतो.

उपाय साधा आहे. चौघांनी थांबायचं नाही, एकानेच थांबायचं. त्या दिवशी तो माणूस दुपारी एक वाजता येईल आणि रात्री साडेनऊला निघेल. हिवाळ्यात साडेसात ते साडेनऊ हे दोन तास न्यू जर्सीसाठी मिळाले. उन्हाळ्यात तेच तीन तास होतात, किंवा तो माणूस तासभर लवकर घरी जातो. पाळी आठवड्याने बदलायची. माझा सल्ला असा की पाळीचा तक्ता महिन्याच्या एक तारखेला भिंतीवर लागलेला असावा. ऐन वेळी "आज तू थांब" असं झालं की नेहमी तोच थांबतो ज्याला नाही म्हणता येत नाही.

साडेनऊ हा आकडा मी सहज घेतलेला नाही. महाराष्ट्राच्या 2017 च्या दुकाने व आस्थापना कायद्यात महिलांच्या कामाची वेळ सकाळी सात ते रात्री साडेनऊ अशी धरली आहे. त्यानंतर काम द्यायचं तर तिची संमती लागते, आणि सुरक्षिततेची व ये-जा करण्याची सोय मालकाने करावी लागते. कर्मचारी संख्येप्रमाणे या कायद्यातलं तुम्हाला नेमकं काय लागू होतं ते तुमच्या सीएला किंवा साताऱ्याच्या कामगार कार्यालयात विचारा. पण कायदा लागू असो वा नसो, रात्री साडेनऊला केळघरकडे जाणारीने एसटीची वाट बघत उभं राहायचं नाही. तिची पाळी असेल त्या आठवड्यात गाडीचा खर्च टीमचा, आणि तो खर्च क्लायंटला सांगितलेल्या दरात आधीच धरलेला हवा. नाहीतर घरूनच लॅपटॉपवर ते दोन तास बसायची मुभा द्या. तिच्या गावात नेट टिकतं की नाही ते मात्र पाळीच्या आधी दोन संध्याकाळी तपासून घ्या.

मार्चमधले तीन आठवडे

अमेरिका आणि ब्रिटन घड्याळ एकाच दिवशी फिरवत नाहीत. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी, ब्रिटनमध्ये मार्चच्या शेवटच्या रविवारी. 2026 मध्ये म्हणजे 8 मार्च आणि 29 मार्च. मधले तीन आठवडे न्यू जर्सी उन्हाळ्याच्या वेळेवर गेलेली असते आणि लंडन अजून हिवाळ्यावरच. शरदात उलटं होतं: ब्रिटन ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी, अमेरिका नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी. 2026 ला 25 ऑक्टोबर आणि 1 नोव्हेंबर, म्हणजे एकच आठवडा, पण गोंधळ तोच.

प्रत्यक्षात काय होतं? तुम्ही न्यू जर्सीचा दर सोमवारचा कॉल कॅलेंडरवर "संध्याकाळी 7:30, भारतीय वेळ" असा लावलेला आहे. हिवाळाभर तो त्याच्याकडे सकाळी नऊला येतो. 9 मार्चच्या सोमवारी तो त्याच्याकडे दहाला दिसतो. त्या माणसाने नऊची सवय लावून घेतलेली, दहाला त्याच्या दुकानात गिऱ्हाईक असतं. तो येत नाही. तुम्हाला वाटतं क्लायंट टाळतोय, त्याला वाटतं यांनी न विचारता वेळ बदलली. चूक कोणाचीच नाही, कॅलेंडरमध्ये घड्याळ चुकीच्या गावाचं लावलं होतं एवढंच.

म्हणून नियम असा: परदेशी क्लायंटचा दर आठवड्याचा कॉल त्याच्या घड्याळावर बांधायचा. गूगल कॅलेंडरमध्ये वेळ भरताना टाइम झोन निवडता येतो. तिथे `Asia/Kolkata` सोडून न्यू जर्सीसाठी `America/New_York` आणि लंडनसाठी `Europe/London` या गटातला झोन निवडा. मग 9 मार्चला त्याच्याकडे नऊच राहतात आणि तुमच्याकडे कॉल आपोआप साडेसातचा साडेसहा होतो. हललो आपण, पण आपल्याला ते आधीपासून दिसतं. पाळीवाल्याची वेळही त्याच आठवड्यात बदला, आणि घड्याळ फिरायच्या आधीच्या गुरुवारी क्लायंटला एक ओळ पाठवा की सोमवारचा कॉल तुमच्याकडे नेहमीच्याच वेळेला आहे.

ऑस्ट्रेलियाचं काम घेणार असाल तर लक्षात ठेवा, सिडनी-मेलबर्नला ऋतू उलटे आहेत. तिथे घड्याळ ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी पुढे जातं आणि एप्रिलच्या पहिल्या रविवारी मागे येतं. दुबईला ही भानगड नाही, वर्षभर आपल्या दीड तास मागे.

ज्यांना हे सगळं परकं वाटतंय त्यांच्यासाठी एक गंमत. भारताची प्रमाणवेळ 1 जानेवारी 1906 पासून सुरू झाली, पण मुंबईने आपला वेगळा "मुंबई टाइम" 1955 पर्यंत चालवला. तो प्रमाणवेळेच्या 39 मिनिटं मागे होता. म्हणजे जावळी तालुक्यातून मुंबईला कामाला गेलेल्या आपल्या आजोबांच्या पिढीने दोन वेळांचा हिशेब आपल्याच राज्यात केलेला आहे.

वेळ लिहिताना दोन गोष्टी पाळा. नुसतं `IST` लिहू नका, कारण आयर्लंड आणि इस्रायलच्या वेळेलाही तीच तीन अक्षरं वापरतात. "सोमवारी तुमचे सकाळी 9, आमचे संध्याकाळी 7:30" असं दोन्हीकडचं लिहा. आणि तारीख आकड्यात लिहू नका. `03/04` म्हणजे लंडनला 3 एप्रिल आणि न्यू जर्सीला 4 मार्च. महिन्याचं नाव अक्षरात लिहिलं की वाद मिटला.

एका प्रश्नाची किंमत

आता खरा मुद्दा. वेळेच्या फरकात काम हळू झाल्यामुळे दिवस जात नाहीत, प्रश्न अर्धवट विचारल्यामुळे जातात.

जानेवारीतला सोमवार. न्यू जर्सीच्या बँक स्टेटमेंटमध्ये 1,240 डॉलरचं पेमेंट दिसतंय, बिल सापडत नाही. नोंद करणारी मुलगी संध्याकाळी पाचला मेल पाठवते: "एका पेमेंटबद्दल खुलासा हवा आहे, कृपया कळवा." क्लायंट ते त्याच्या सकाळी बघतो आणि अकरा वाजता विचारतो: "कोणतं पेमेंट?" मेढ्यात तेव्हा रात्रीचे साडेनऊ. मंगळवारी सकाळी दहाला ती उत्तर बघते आणि तपशील पाठवते. क्लायंट तो मंगळवारी रात्री, आपल्या वेळेने, वाचतो आणि उत्तर देतो. बुधवारी सकाळी नोंद होते. एका ओळीच्या नोंदीला सोमवार संध्याकाळ ते बुधवार सकाळ. हाच प्रश्न शुक्रवारी विचारला असता तर मंगळवार उजाडला असता.

सातारच्या दुकानदाराला "कोणतं पेमेंट?" याचं उत्तर फोनवर दहा सेकंदांत मिळतं. इथे त्याच दहा सेकंदांचा एक पूर्ण कामाचा दिवस होतो. हा हिशेब टीममधल्या प्रत्येकाला एकदा फळ्यावर काढून दाखवा, कारण "व्यवस्थित लिहा" असं सांगून काही बदलत नाही.

चांगल्या प्रश्नात चार गोष्टी असतात: नेमकं काय, माझा अंदाज काय, तुमच्याकडून काय हवं, आणि उत्तर आलं नाही तर मी काय करणार. तोच प्रश्न पुन्हा लिहूया. क्लायंटला तो इंग्रजीत जाईल, इथे मराठीत देतो:

"8 जानेवारीला तुमच्या चालू खात्यातून 1,240 डॉलर गेले आहेत, स्टेटमेंटचा फोटो जोडला आहे. डिसेंबरमध्ये याच नावाला तेवढीच रक्कम गोदामाच्या भाड्यापोटी गेली होती, त्यामुळे हेही भाडंच असावं असं वाटतं. बरोबर असेल तर फक्त 'हो' लिहा. तुमचं उत्तर येईपर्यंत ही रक्कम सस्पेन्स खात्यात ठेवली आहे. बाकीचं स्टेटमेंट आम्ही उद्या पूर्ण करतो."

क्लायंट दुकान उघडता उघडता मोबाइलवर "हो" लिहितो. मंगळवारी सकाळी नोंद होते. शिवाय सोमवार-मंगळवारचं बाकीचं काम अडलंच नाही, कारण ती रक्कम बाजूला ठेवून पुढे जाता आलं.

"उत्तर आलं नाही तर मी हे करणार" हे वाक्य फार उपयोगी आहे, पण त्याला मर्यादा आहे. नंतर सहज उलटवता येईल अशाच कामासाठी ते वापरायचं. नोंद सस्पेन्समध्ये ठेवणं उलटवता येतं. पैसे पाठवणं, काही कायमचं डिलीट करणं, सरकारकडे रिटर्न भरणं, त्याच्या गिऱ्हाइकाला मेल जाणं, ही कामं उत्तराशिवाय करायची नाहीत, मग दोन दिवस गेले तरी चालतील. पहिल्याच आठवड्यात ही यादी क्लायंटला लिहून द्या आणि त्याची लेखी संमती घ्या. तुमच्या बेफिकिरीची त्याला जी भीती असते, ती या एका कागदाने बरीच कमी होते.

साडेसहाची नोंद

दुसरी सवय म्हणजे रोज संध्याकाळी साडेसहाला क्लायंटला जाणारी एक छोटी नोंद. सातला नाही, साडेसहाला. शेवटचा अर्धा तास ती वाचून दुरुस्त करायला हवा, आणि पावसाळ्यात लाइट गेली तरी ती निघालेली असावी. आपल्याकडे जुलैमध्ये लाइट आणि नेट कधी जाईल याचा भरवसा धरू नका. राउटरला छोटा यूपीएस आणि दुसऱ्या कंपनीचं सिम असलेला एक मोबाइल हा खर्च ऑफिसच्या पहिल्या महिन्यातच करा.

नोंद अशी दिसते:

"तुमच्याकडून हवं: (1) 8 जानेवारीचं 1,240 डॉलर, भाडं का? हो किंवा नाही. (2) डिसेंबरचं वीजबिल.
झालं: बँकेच्या नोंदी 1 ते 15 जानेवारी.
अडलं: क्रेडिट कार्डचं स्टेटमेंट उघडत नाही, पासवर्ड बदललाय असं दिसतं.
उद्या: 16 ते 31 जानेवारी. मंगळवारी आमचे संध्याकाळी सात वाजेपर्यंत पूर्ण होईल."

क्रम बघा. "तुमच्याकडून हवं" सगळ्यात वर. आपली टीम सवयीने आधी झालेलं काम लिहिते, शाबासकीसाठी. पण क्लायंट सकाळी मोबाइलवर पहिल्या दोन ओळी वाचतो आणि कामाला लागतो. त्याचं काम तिसऱ्या परिच्छेदात असेल तर ते उद्यावर गेलं म्हणून समजा. आणि "अडलं" ही ओळ रिकामी असली तरी "काही नाही" लिहून ठेवा. ती ओळ लिहायची सवय असली की मुलं अडचण लपवत नाहीत.

पाळीवाल्याची जबाबदारी इथेच येते. रात्री कॉलवर क्लायंट म्हणाला, "यापुढे गोदामाचं भाडं वेगळ्या खात्यात टाका." बाकीचे तिघं घरी आहेत. पाळीवाला हे डोक्यात घेऊन घरी गेला आणि दुसऱ्या दिवशी एकला आला, तर सकाळी दहा ते एक तिघांनी जुन्या पद्धतीने नोंदी केलेल्या असतात. म्हणून कॉल संपला की पंधरा मिनिटांत सामायिक शीटवर लिहायचं: काय ठरलं, कोणी सांगितलं, कधीपासून. आणि तेच दोन ओळीत क्लायंटला मेल, "आम्हाला असं समजलं, चूक असेल तर सांगा." आपलं इंग्रजी कच्चं आहे याची लाज वाटणाऱ्यांना तर हा मेल वरदान आहे. फोनवर निसटलेलं इथे सापडतं.

"अर्जंट" म्हणजे काय

क्लायंटला सगळं अर्जंट वाटतं, कारण कशाला अर्जंट म्हणायचं हे तुम्ही ठरवलेलं नसतं. सुरुवातीलाच ठरवा. अकाउंटिंगच्या कामात माझ्या मते तीनच गोष्टी रात्री फोन करण्यासारख्या आहेत: पगाराचं पेमेंट अडलंय, रिटर्नची शेवटची तारीख उद्या आहे, किंवा खात्यात कोणी परका माणूस शिरल्यासारखं दिसतंय. त्यासाठी एकच नंबर, तोही टीम चालवणाऱ्याचा. बाकी सगळं मेलवर, आणि उत्तर आपल्या पुढच्या कामाच्या दिवशी दुपारी एकच्या आत.

एक धोक्याची खूण सांगतो. क्लायंट तुमच्या टीममधल्या एखाद्या चुणचुणीत मुलीच्या खासगी व्हॉट्सअॅपवर थेट मेसेज टाकायला लागला, की वरचं सगळं मोडायला सुरुवात झाली. ती रात्री अकराला उत्तर देते, क्लायंटला सवय लागते, आणि शीटवर काहीच येत नाही. ती चार दिवस रजेवर गेली की तुमचं काम थांबतं. अशा वेळी तिच्यावर रागवू नका. टीम चालवणाऱ्याने स्वतः क्लायंटला नम्रपणे लिहायचं की सगळे मेसेज या एका आयडीवर पाठवा, म्हणजे कोणी रजेवर असलं तरी तुमचं काम अडणार नाही.

सुट्ट्यांचंही तसंच. क्लायंटला गणपती, दिवाळी साधारण ऐकून माहीत असतात, पण तुमच्या गावची यात्रा त्याला कुठून कळणार? आणि तुम्हाला नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारचं त्याचं थँक्सगिव्हिंग लक्षात नसतं. जानेवारीतच दोघांच्या सुट्ट्या एका शीटवर टाका, आणि प्रत्येक मोठ्या सुट्टीच्या तीन आठवडे आधी आठवण पाठवा.

हे सगळं चालतंय का, हे कळायला शुक्रवारी एकच मोजणी करा. त्या आठवड्यात क्लायंटकडून "कोणतं?", "कधीचं?", "म्हणजे काय?" असे उलट प्रश्न किती आले? सुरुवातीला पाच-सहा येतील. एकेक उघडून बघा, मूळ मेलमध्ये चारपैकी कोणती गोष्ट राहिली होती. बहुतेक वेळा ती "नेमकं काय" हीच असते, तारीख किंवा रक्कम लिहिलेलीच नसते. सलग तीन आठवडे आकडा एकावर राहिला, तर पाळीवाल्याचे रोजचे दोन तास कमी करून आठवड्यातून तीनच दिवस ठेवता येतील का, ते क्लायंटशी बोला. उन्हाळ्यात, त्याचे नऊ आपल्या साडेसहाला वाजतात तेव्हा, हे बोलणं सोपं जातं.